‘परमिसिव्ह’ पालकत्व आणि अभ्यास : आधी गट वेगळे करा

> ‘परमिसिव्ह पालकांची मुले अभ्यासात मागे पडतात, असे निबंधात सरळ लिहिले तर चालेल का?’

सरळ लिहू नये असे मला वाटते, कारण मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी पालकत्वाच्या शैलींची जी मूळ मांडणी केली, त्यातील ‘परमिसिव्ह’ म्हणजे मोकळीक देणाऱ्या पालकांचा हा गट मॅकोबी आणि मार्टिन या संशोधकांनी 1983 साली दोन भागांत विभागला: मुलावर भरभरून माया करणारे पण बंधने न घालणारे पालक, आणि माया व लक्ष दोन्ही न देणारे पालक. लॅम्बॉर्न, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये विस्कॉन्सिन व कॅलिफोर्नियातील सुमारे 4,100 किशोरवयीनांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा फरक स्पष्ट दिसतो. दुर्लक्षित मुले जवळजवळ सर्वच बाबतींत मागे होती. लाडावलेल्या मुलांचा आत्मविश्वास मात्र चांगला होता, फक्त शाळेत त्यांचे मन कमी रमत होते आणि गैरवर्तन अधिक होते.

समजा, दोन घरांत दहावीतला मुलगा रात्री अकरापर्यंत मोबाइलवर आहे. ‘ऑथॉरिटेटिव्ह’ आई वेळ ठरवून देते, कारण सांगते, त्याचे म्हणणे ऐकते आणि ठरलेले पाळायला लावते. लाड करणारी आई तितक्याच प्रेमाने बोलते, पण दुसऱ्या दिवशी नियम सोडून देते. माया दोन्हीकडे आहे. उणीव आहे ती देखरेखीची, आणि माझ्या मते निबंधाचा भर इथेच हवा.

एक मर्यादा अवश्य नोंदवा: 1991 च्या त्या अभ्यासात पालकांची शैली मुलांच्याच उत्तरांवरून ठरवली होती, आणि असा सहसंबंध कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. अभ्यासू मुलाला समजावून सांगणे पालकांनाही सोपे जाते.