मदत हवी आहे : पेशवाईतील जमाबंदी आणि पाऊस या विषयावरील निबंधाचा सारांश तिन्ही शाखांच्या परीक्षकांना कळेल असा कसा करावा?

रेवा_द

नमस्कार. मी इतिहासाची संशोधक विद्यार्थिनी आहे. एका आंतरविद्याशाखीय परिसंवादासाठी मला दीडशे शब्दांचा सारांश पाठवायचा आहे. निवड करणाऱ्यांत इतिहासकारांबरोबर हवामानशास्त्र आणि शेतीचे अर्थशास्त्र या विषयांचे अभ्यासक आहेत. माझ्या विभागात हा सारांश सर्वांना समजला, पण वनस्पतिशास्त्रातील एका परिचितांना त्यातून मी नक्की काय केले आहे आणि ते कशासाठी केले आहे हे कळले नाही. सध्याचा मसुदा असा आहे :

«प्रस्तुत निबंधात उत्तर पेशवाईतील परगणानिहाय जमाबंदी कागदपत्रांमधील सुटीच्या नोंदींचा प्रॉक्सी म्हणून वापर करून इ.स. १७६१ ते १८१८ या काळातील मोसमी पावसाची पुनर्रचना केली आहे. सुटीच्या नोंदींना श्रेणी देऊन तयार केलेली मालिका सागाच्या वृक्षवलयांच्या मालिकेशी कॅलिब्रेट केली असता लक्षणीय संबंध आढळतो. यातून दख्खनच्या पर्यावरणीय इतिहासाचे नवे आकलन पुढे येते.»

कोणते शब्द कोणाला अडतील आणि शेवटचे वाक्य कसे बदलावे, याबद्दल सविस्तर लिहावे ही विनंती.

वाटसरू_४

पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर पाहण्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. सोबत मार्गदर्शकांचे पत्र ठेवा. मोडी वाचता येत नसेल, तर आधी एखादा वर्ग करा, नाहीतर रुमाल समोर येऊनही उपयोग होत नाही.

रेवा_द

धन्यवाद, पण कागद पाहून झाले आहेत आणि मोडीही येते. प्रश्न सारांशाच्या लेखनाचा आहे.

ताळेबंद

मी शेतीच्या अर्थशास्त्रात काम करतो. शेवटचे वाक्य कोणत्याही निबंधाखाली चालेल असे आहे, त्यामुळे ते काढून टाका. ज्या प्रश्नाचे उत्तर आज कोणाकडेच नाही आणि तुमच्या कागदांतून मिळू शकते, त्या प्रश्नाने सुरुवात करा. दुसरे असे की परगणा, जमाबंदी, सूट हे शब्द बाहेरच्या वाचकासाठी ओझे आहेत. ते सर्व गाळून सरळ ‘दुष्काळाच्या नोंदी’ असे लिहा. सूट दिली म्हणजे पीक गेले आणि पीक गेले म्हणजे पाऊस झाला नाही, एवढे सर्वांना समजते.

मोडीवाचक

ताळेबंद यांचा पहिला सल्ला मला पूर्ण मान्य आहे, दुसरा मात्र रेवाताईंना अडचणीत आणेल. सूट अनेक कारणांनी मिळत असे. ओसाड गाव पुन्हा वसवायचे असेल, तर इस्ताव्याचा कौल देत. त्यात पहिल्या वर्षी सारा अगदी कमी असे आणि पुढे तो दरवर्षी चढत जाई. अशा गावाचा आकडा कमी दिसतो, पण तिथे नुकसान झालेले नसते, उलट लागवड वाढत असते. लष्कर गावावरून गेले तरी सूट मिळे. या कागदांत अस्मानी आणि सुलतानी असा भेद पुष्कळदा केलेला असतो. तुम्ही तो मालिकेत पाळला असेल, तर सारांशात सर्वांत आधी तेच यायला हवे, कारण इतिहासकार परीक्षकाची पहिली शंका तीच असेल.

आणखी एक गोष्ट. पाटलाने अर्जीत सांगितलेले नुकसान, पाहणीदाराने पाहून लिहिलेले नुकसान आणि सरकारने अखेर मान्य केलेली सूट हे तीन वेगळे आकडे आहेत. अर्जी ही मागणी असल्यामुळे तिच्यात नुकसान वाढवून सांगण्याकडे कल असतो. तुमची श्रेणी कोणत्या आकड्यावर उभी आहे, हे मसुद्यात कुठेच दिसत नाही.

रेवा_द

श्रेणी मान्य झालेल्या सुटीवरून ठरवली आहे. इस्ताव्याची गावे वगळली आहेत आणि कारणांप्रमाणे नोंदी वेगळ्याही केल्या आहेत. सुप्याकडील गावे आणि मावळातील गावे असे दोन गट आहेत. हे सर्व पद्धतीच्या प्रकरणात आहे; सारांशात जागा पुरणार नाही असे वाटले होते.

नैर्ऋत्य

मी हवामानशास्त्रात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून परीक्षक म्हणून मी कुठे थांबेन ते लिहितो.

‘कॅलिब्रेट’ या शब्दापाशी मी थांबेन आणि बहुधा पुढे वाचणार नाही. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. ज्या वर्षांसाठी अप्रत्यक्ष मालिका आणि प्रत्यक्ष मोजलेला पाऊस असे दोन्ही उपलब्ध असतात, त्या वर्षांवरून दोहोंतील नाते बसवायचे आणि मग ते मागच्या काळाला लावायचे. भारतीय पावसाची जी एकजिनसी मालिका आम्ही सामान्यतः वापरतो ती १८७१ पासून सुरू होते. तुमची मालिका १८१८ ला संपते, म्हणजे मध्ये पन्नासहून अधिक वर्षांची पोकळी आहे आणि दोन्हींत सामाईक असे एकही वर्ष नाही. वृक्षवलये ही स्वतःच अप्रत्यक्ष साक्ष आहेत. एका अप्रत्यक्ष मालिकेची दुसरीशी केवळ तुलना होते. तोच शब्द वापरलात तर माझी हरकत उरणार नाही. साग कुठला आहे हेही लिहा, कारण केरळातील सागाचे वलय देशावरच्या ज्वारीबद्दल फार थोडे सांगेल. शिवाय वलयावर आदल्या वर्षीच्या ओलाव्याचाही परिणाम होतो, त्यामुळे वर्षाला वर्ष जुळलेच पाहिजे असे नसते.

त्याच कारणाने ‘पावसाची पुनर्रचना’ हाही मोठा दावा आहे. ते शब्द वाचून मी मिलिमीटरमध्ये आकडे शोधू लागेन आणि तुमच्याकडे पायऱ्या आहेत. ‘लक्षणीय संबंध’ वाचून मी संख्याशास्त्रीय कसोटीचे नाव शोधेन, तर इतिहासकार त्याचा अर्थ ‘महत्त्वाचा’ एवढाच घेतील. त्यापेक्षा वाईट ठरलेल्या वर्षांपैकी किती वर्षे दोन्हीकडे जुळतात तो आकडा द्या. तो तिघांनाही एकाच अर्थाने कळेल.

आता ‘मोसमी पाऊस’. सुप्याकडे मुख्य पीक रब्बी ज्वारीचे असते आणि ती सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर येते. मावळात भाताची लावणी जून-जुलैच्या पावसावर होते. म्हणजे तुमचे दोन गट एकाच पावसाळ्याच्या दोन वेगळ्या भागांबद्दल बोलत आहेत. हे कदाचित तुमच्या कामातील सर्वांत मोलाचे अंग आहे आणि मसुद्यात त्याचा उल्लेखही नाही. वार्षिक वलयातून हा भेद सहसा निघत नाही.

मोडीवाचक

वर्षाचाही खुलासा करावा. हे कागद बहुतेक सुहूर सनाचे आहेत आणि तो सन मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून, चालू होतो. इसन्ने तिसैन मया व अलफ म्हणजे ११९२. त्यात ५९९ मिळवले की १७९१ येते, पण जानेवारीनंतरच्या कागदासाठी ६०० मिळवावे लागतात. घाईने सर्वत्र एकच आकडा मिळवला, तर १७९१ च्या पावसाळ्यात बुडालेले पीक १७९२ च्या नावावर जाते. हवामानवाल्यांची तुलना एका वर्षाच्या चुकीनेही कोसळते.

नैर्ऋत्य

अगदी बरोबर, आणि ज्या वर्षाचे उदाहरण तुम्ही घेतलेत तेच नेमके कळीचे आहे. १७८९ ते १७९३ या सुमारास प्रबळ एल निनो होता असे मानतात. पूर्व किनाऱ्यावर समलकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्या दुष्काळात पावसाच्या नोंदी ठेवल्या होत्या. तो दुष्काळ देशावर कोणत्या वर्षी पोचला, लावणीचा पाऊस हुकला की परतीचा, हा प्रश्न तुमच्या कागदांना विचारता येतो. ताळेबंद म्हणतात तो सुरुवातीचा प्रश्न मला तरी हाच वाटतो.

सह्यकडा

माझ्या बाबतीतही असेच झाले होते. देवरायांवरील माझा सारांश वनस्पतिशास्त्राच्या परीक्षकांनी नाकारला, कारण मी ‘विविधता’ हा शब्द सैल अर्थाने वापरला होता. नंतर मी सर्व संज्ञांच्या व्याख्या घातल्या, तेव्हा शब्दमर्यादा ओलांडली गेली. तुम्ही शेवटी छोटी शब्दसूची जोडून पाहा.

ताळेबंद

दीडशे शब्दांत शब्दसूची बसणार नाही. इस्ताव्याबद्दल मोडीवाचक यांचे म्हणणे पटले. तेव्हा ‘सूट’ हा शब्द राहू द्या, पण ती कोण कोणाला कशाबद्दल देत असे हे त्याच वाक्यात सांगा, म्हणजे वेगळी व्याख्या लागणार नाही. मला दुसरीच अडचण दिसते. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरला होळकरांची लढाई झाली, म्हणजे बाजरीच्या काढणीच्या आणि ज्वारीच्या पेरणीच्या दिवसांत. त्यापुढची दोन वर्षे पाऊस आणि लूट वेगळी कशी करणार?

रेवा_द

सर्वांची मनापासून आभारी आहे. १८०२ नंतरच्या कागदांत पुष्कळ ठिकाणी दोन्ही कारणे एकाच ओळीत येतात, त्यामुळे मालिका १८०१-०२ ला थांबवावी असे मी ठरवत आहे. नवा मसुदा :

«१७९१ च्या सुमाराचा दुष्काळ पूर्व किनाऱ्यावरील नोंदींमुळे परिचित आहे, पुण्याभोवतीच्या प्रदेशात तो केव्हा आणि पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यात जाणवला, हे सांगणारी पर्जन्यमापने नाहीत. मात्र पीक बुडाल्यास पेशव्यांचे सरकार पाहणी करून गावाच्या साऱ्यात सूट देत असे आणि तिचे कारण लिहून ठेवत असे. १७६१ ते १८०२ या काळातील अशा मान्य सुटींवरून, जूनपासून सुरू होणारे वर्ष धरून, आम्ही पीकनुकसानीची चार पायऱ्यांची मालिका तयार केली आहे. लष्करामुळे दिलेली आणि नव्या वसाहतीसाठी दिलेली सूट तीत धरलेली नाही. ही मालिका पावसाचे प्रमाण सांगत नाही. मावळातील भाताच्या गावांत ती जून-जुलैच्या आणि सुप्याकडील ज्वारीच्या गावांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाची निदर्शक आहे, असे आमचे प्रतिपादन आहे. सागाच्या वलयांशी केलेली तुलना पडताळ्यापुरती मर्यादित आहे.»

नैर्ऋत्य

आता मी शेवटपर्यंत वाचेन. पण १७९१ बद्दल तुम्हाला काय सापडले? प्रश्न विचारून उत्तर न देणारा सारांश आमच्याकडे अपुऱ्या कामाचा समजतात.

रेवा_द

मावळातील गावांचे वाचन पूर्ण झाले आहे, सुप्याकडील त्या वर्षाचे काही कागद अजून वाचायचे आहेत. अर्ध्या पुराव्यावर निष्कर्ष लिहिणे मला योग्य वाटत नाही.

मोडीवाचक

मग मावळापुरता निष्कर्ष लिहा आणि सुप्याकडील वाचन चालू आहे असे त्याच वाक्यात नोंदवा. १८०२ बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ती वर्षे टाकून देण्याऐवजी ‘कारण संमिश्र’ अशी खूण करून मालिकेत ठेवावीत. दोन कारणे एका ओळीत का लिहिली गेली, हा इतिहासकारासाठी स्वतंत्र पुरावा आहे.

नैर्ऋत्य

माझ्या दृष्टीने ती वर्षे वगळणेच सुरक्षित आहे, कारण संमिश्र कारणाच्या वर्षाला पायरी देता येत नाही. ठेवायचीच असतील, तर पायरी न देता ठेवा.