पास न झालेला चेक बॅलन्समध्ये दाखवावा का?

मिरजकर: शुक्रवारी संध्याकाळी ४२ हजारांचा चेक ड्रॉपबॉक्समध्ये टाकला, आधीचे ३,२०० होते. आता अ‍ॅपमध्ये ४५,२०० दिसतात पण एटीएम देत नाही. पैसे आलेत तर अडवता का? माझं मत, पास होईपर्यंत आकडा दाखवूच नये.

काउंटरवरचा_जुना: पैसे आलेलेच नाहीत हो. तुमच्या बँकेने फक्त नोंद केलीय, ज्याच्या खात्यावरचा चेक आहे त्या बँकेने अजून होकार दिलेला नाही. अ‍ॅपमध्ये खाली 'अव्हेलेबल' बघा, तिथे ३,२००च असणार. त्यात उद्या दुसरा शनिवार, मग रविवार, म्हणजे चेक सोमवारी स्कॅन होऊन क्लिअरिंगला जाईल. ४ ऑक्टोबर २०२५पासून दिवसभर सतत चेक पाठवत राहतात आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही सांगावं लागतं, काहीच नाही सांगितलं तर पास धरतात. सेटलमेंट झाली, म्हणजे समोरच्या बँकेकडून पैसे आले, की तासाभरात पैसे मोकळे करायचे असा नियम आहे. पण आकडा दाखवण्याला माझा पाठिंबा आहे, नाहीतर चेक हरवला का विचारायला रांग लागते.

पुणेरी_व्यापारी: हे सगळं ठीक, पण बँका मुद्दाम तीन दिवस पैसे वापरतात, आम्ही वर्षानुवर्षं बघतोय.

काउंटरवरचा_जुना: उशीर व्हायचा हे खरं. पण समोरून पैसे यायच्या आधी वापरणार काय? सेटल झाल्यावरही अडवले तर मात्र बिनधास्त लेखी तक्रार करा.

स्वाती_ठाणे: मी मिरजकरांच्या बाजूने. आमच्या शेजारच्या काकांनी जुनी स्कूटर विकली, घेणाऱ्याने स्वतःच काकांच्या खात्यात चेक भरला, बॅलन्स वाढलेला दिसला म्हणून काकांनी किल्ली दिली आणि नंतर चेक परत आला. ठळक मोठा आकडा आणि खाली बारीक अक्षरात खरा, हे सरळ घातक आहे. दाखवायचं तर वेगळ्या ओळीत 'क्लिअरिंगमध्ये' लिहून दाखवा.

नाशिक_२२: सेम प्रॉब्लेम, मला एनईएफटीने १८ हजार आले आणि दोन दिवस काढता येत नाहीयेत, हे पण सोमवारी सुटेल ना?

काउंटरवरचा_जुना: नाही, तुमची केस वेगळी. एनईएफटी चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बॅचने चालतं, बॅच सेटल झाली की दोन तासांत जमा व्हायलाच हवं आणि जमा झालं की ते तुमचंच, त्याला चेकसारखा होल्ड नसतो. यूपीआय, आयएमपीएसचंही तसंच. तरी निघत नसेल तर बहुतेक खात्यावर लीन किंवा डेबिट फ्रीझ आहे, म्हणजे पैसे काढायला रोख लावलीय. केवायसी थकलेलं असतं, किंवा पाठवणाऱ्याच्या पैशावर कुणीतरी सायबर तक्रार केलेली असते. वाट बघत बसू नका, ब्रांचला जाऊन कारण आणि तक्रार क्रमांक लेखी मागा.

पुणेरी_व्यापारी: म्हणजे मालाचे पैसे घेतले आणि फसवणूक तिसऱ्याने केली तरी खातं माझं अडकणार? हे पटत नाही.

मिरजकर: अव्हेलेबल ३,२००च दिसतंय, बरोबर. पण सोमवारी सकाळीच ९ हजारांचा हप्ता कापायला येणार, आणि तो बघणार अव्हेलेबल.

काउंटरवरचा_जुना: हो, परत जाईल आणि दंडही लागेल. रविवारीच यूपीआयने कुणाकडून तरी सहा हजार खात्यात घ्या.

मिरजकर: घेतो भावाकडून. पण स्वाती म्हणतात तसं वेगळी ओळ हवीच, यावर मी ठाम आहे.