प्रमोशनचा फॉर्मच भरायचा नाही असं ठरवलंय. चुकतोय का?

सोयाबीनवाला_३६
सरकारी बँकेत लिपिक आहे, १२ वर्षं झाली. शाखा औसा तालुक्यात, घर लातूरला. बायको जिल्हा परिषद शाळेत, मुलगी तिसरीत, आई-वडील आणि चार एकर सोयाबीन गावाकडं. यंदाही अधिकारीपदाच्या परीक्षेचा फॉर्म भरला नाही. घरच्यांना पटलंय, पण शाखेतले म्हणतात, "वेडा आहेस का?" पैशाचं खरं गणित काय आहे आणि पुढं कशाचा पश्चात्ताप होतो, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

परराज्यातला_नांदेडकर
मी हीच नोकरी करत स्केल टू पर्यंत आलोय, म्हणून स्पष्ट बोलतो. पदवीच्या दोन वाढी धरल्या तर तुझं मूळ वेतन आज ५०,३८० असेल. बँकांच्या बाराव्या द्विपक्षीय वेतन करारात लिपिकाची श्रेणी ६४,४८० ला संपते. म्हणजे अजून पाच वाढी, तू एक्केचाळीसचा असताना खेळ खलास. त्यानंतर स्टॅग्नेशनच्या वाढी मिळतात, पण त्या दरवर्षी नाहीत. अधिकाऱ्याची पहिलीच श्रेणी ८५,९२० पर्यंत जाते. शेवटाला शेवट लावला तर फरक २१,४४०, त्यावर महागाई भत्ता वेगळा.

आता सगळे विसरतात ती गोष्ट. तू २०१० नंतर लागलेला, म्हणजे तुला जुनी पेन्शन नाही, एनपीएस आहे. बँक १४ टक्के घालते ती मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर. त्या २१ हजारांवर नुसते बँकेचेच महिन्याला ३ हजार होतात, तुझे १० टक्के वेगळे. आज पगारात जाणवणार नाही, साठीला जाणवेल. सोयाबीनच्या भावावर म्हातारपण काढणार आहेस का?

केंद्रप्रमुख_व्हायचं_नव्हतं
दादा, मी जि. प. शिक्षक, परभणी. मी पण पदोन्नती नाकारली. सगळ्यात मोठा धोका कुणीच सांगेना. पदोन्नती नाकारली की १०-२०-३० वाली आश्वासित प्रगती योजना हातची जाते. तुमची पुढची वेतनश्रेणी थांबणार! आधी लेखी विचारा. आमच्याकडं एकानं घाईत नकार लिहून दिला, आता हेलपाटे घालायलाय.

जुनी_खातेवही
गुरुजी, तुमचं म्हणणं राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरतं बरोबर आहे. बँकेत १०-२०-३० ही योजनाच नाही. बँकेतल्या वाढी द्विपक्षीय करारानं ठरतात आणि फॉर्म न भरल्यानं त्यातली एकही थांबत नाही.

पण तुमच्या उदाहरणातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. फॉर्म न भरणं वेगळं आणि निवड झाल्यावर नाही म्हणणं वेगळं. फॉर्म भरला नाही तर सर्व्हिस रेकॉर्डवर काही उमटत नाही, पुढच्या वर्षी मन बदललं तर दार उघडं. परीक्षा देऊन, यादीत नाव येऊन, नेमणुकीचं गाव बघून नकार दिला तर बऱ्याच बँका पुढची काही वर्षं बसूच देत नाहीत. किती वर्षं ते ज्याच्या त्याच्या प्रमोशन पॉलिसीत असतं. "बघू तर कुठं टाकतात" म्हणून परीक्षा देणारे इथंच फसतात.

नांदेडकरांचे आकडे बरोबर आहेत, मांडणी मात्र जरा अंगावर येणारी आहे. २१ हजारांचा फरक पहिल्या दिवशी पडत नाही. प्रमोशन झालं की फिटमेंटच्या तक्त्यानं नवीन मूळ वेतन ठरतं, पहिल्या वर्षाचा फरक तुलनेनं थोडा असतो, दरी नंतर रुंदावत जाते. तेव्हा तुमचं खरं गणित असं: पहिली चार-पाच वर्षं, म्हणजे मुलगी आठवीत जाईपर्यंत, तुम्ही फार गमावत नाही. त्यानंतर गमावता. म्हणून "कधीच नाही" ठरवू नका, पंचेचाळिशीच्या आत एकदा परत हिशेब करा.

आणि मधली एक पायरी आहे, स्पेशल असिस्टंटची. लिपिक केडरच राहतं, विशेष वेतन मिळतं, अखिल भारतीय बदली लागत नाही. मी त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो.

परराज्यातला_नांदेडकर
स्पेशल असिस्टंट म्हणजे अधिकाऱ्याचं काम लिपिकाच्या पगारात!

जुनी_खातेवही
तसं होतं खरं, नाकारत नाही. आणि धोका तिथंच आहे. मी एका शाखेत असताना (बँक सांगत नाही) मार्चच्या गर्दीत साहेब म्हणाले, "तुझा आयडी टाकून पास कर, सही मी उद्या बघतो." मी केलं. सही न जुळणारा ४८ हजारांचा धनादेश त्यात गेला. चौकशीत साहेब म्हणाले, मला माहीतच नाही. सिस्टिमवर आयडी माझा, वेळ संध्याकाळी सात चाळीस. माझी एक वेतनवाढ थांबली.

प्रमोशन न घेणारा हुशार लिपिक शाखेत फुकटचा अधिकारी होतो. पासिंगच्या मर्यादेबाहेरचं काम आलं तर ऑफिशिएटिंगची, म्हणजे वरच्या पदाचं तात्पुरतं काम करण्याची, लेखी ऑर्डर मागायची, म्हणजे त्या दिवसांचा भत्ताही मिळतो आणि जबाबदारीही कागदावर येते. संध्याकाळी घरी जायला मिळावं म्हणून प्रमोशन सोडलं आणि साडेआठला शाखेतच बसलात, तर दोन्हीकडून गेलं.

काउंटर_नंबर_तीन
मी बीड जिल्ह्यात, अठरा वर्षं लिपिक. पैशाचं सगळ्यांनी सांगितलं, मी दुसरं सांगते. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान मुलगा साहेब म्हणून येतो आणि पहिल्याच आठवड्यात, "मॅडम, तुम्ही अजून इथंच?" पहिल्या दोघा-तिघांचं लागलं मनाला. खोटं कशाला बोलू, अजूनही कधी कधी लागतं.

पण मे-जूनमध्ये तेच साहेब माझ्या वहीजवळ येतात. पीककर्जाचं नवं-जुनं कुणाचं कधी येतं ते माझ्या वहीत गावनिहाय आहे. सिस्टिममध्ये यादी असते, पण बंद पडलेला मोबाइल नंबर कुणाचा आणि पुण्याला गेलेला लेक कुणाचा, हे तिथं नसतं. १,६०,००० चं कर्ज वर्षाच्या आत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते, म्हणजे ४,८०० रुपये. तारीख आठ दिवसांनी हुकली तरी ते जातात. मागच्या जूनमध्ये एका आजोबांना तारखेच्या तीन दिवस आधी शेजाऱ्याच्या फोनवरून बोलावलं. त्यांनी भाच्याकडून दोन दिवसांसाठी पैसे घेतले, भरले, नवीन कर्ज उचललं, परत दिले. माझ्या पगारात याचा रुपयाही नाही, पण संध्याकाळी बसमध्ये बसले की बरं वाटतं.

परराज्यातला_नांदेडकर
ताई, आदर आहे. पण मॅनेजर झालात तर अशा चार वह्या चालवाल.

काउंटर_नंबर_तीन
तीन वर्षांनी बदली होते ना, साहेब. वही कुणाकडं देऊ? तुमची मागच्या शाखेतली वही कुणाकडं आहे?

परराज्यातला_नांदेडकर
...ते खरंय. पण मग मी लेकीला इंजिनिअरिंगला घातलं ते कर्ज न काढता. हेही खरं आहे. आणि घर सोडावं लागलं तरी बँक भाड्याचं घर देते, तेवढंही धरा.

सोयाबीनवाला_३६
सगळ्यांचे आभार. एनपीएसचं डोक्यातच नव्हतं, झोप उडाली थोडी. बायकोची आंतरजिल्हा बदली कधी होईल याचा भरवसा नाही, म्हणून मी बाहेर गेलो तर दोन चुली नक्की. सध्या फॉर्म नाहीच. पण एनपीएसमध्ये स्वतःहून दरमहा किती वाढवलं तर ती दरी भरेल, याचा हिशेब कुणी मांडून देईल का? आणि जुनी खातेवही, ऑर्डर लेखी मागितली तर साहेब डूख धरत नाहीत का?

जुनी_खातेवही
धरतात. पहिले सहा महिने.