सोनेतारण कर्ज: व्याज दरमहा भरावे की वर्षाअखेर एकरकमी? दोन कागदपत्रांवरून चर्चा

हळदवाला_सांगली: मला 2,00,000 रुपये एका वर्षासाठी हवे आहेत. नागरी सहकारी बँकेच्या कागदावर बुलेट कर्ज, दर 11 टक्के आणि वर्षाअखेर मुद्दल व व्याज एकत्र, असे लिहिले आहे. सोनेतारण कंपनीच्या कागदावर दर 22 टक्के आहे, परंतु व्याज वेळेवर दरमहा भरल्यास रिबेट मिळून तो 11.5 टक्के पडतो. यांपैकी खरोखर स्वस्त कोणते?

अनघा_लेखापाल: माझे मत दरमहा व्याजाच्या बाजूने आहे. बुलेटमध्ये न भरलेले व्याज मुदलात मिळत राहते आणि पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज लागते, म्हणून 11 टक्के हा केवळ दर्शनी दर आहे. दरमहा भरणाऱ्याला चक्रवाढीचा फटका बसत नाही. त्यामुळे दर अर्धा टक्का जास्त असूनही कंपनीचे कर्ज स्वस्त पडते.

निवृत्त_शाखाधिकारी: अनघाताई, चक्रवाढीचा आपला मुद्दा योग्य आहे, निष्कर्ष मात्र अपुऱ्या हिशेबावर उभा आहे. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांच्या बुलेट कर्जासाठी फार पूर्वीच सांगितले होते की व्याज दरमहा खात्यावर आकारावे, परंतु ते मुदलासह मुदतीअखेरीसच देय व्हावे. याच रीतीने 11 टक्क्यांवर वर्षाचे व्याज सुमारे 23,144 रुपये होते. कंपनीकडे दरमहा 1,917 रुपयांप्रमाणे वर्षभरात 23,000 रुपये जातील. बेरजेत कंपनी 144 रुपयांनी स्वस्त दिसते, परंतु त्या रकमा वेगवेगळ्या दिवशी खिशातून जातात. कंपनीला द्यायचे तेच हप्ते आपण 3 टक्क्यांच्या बचत खात्यात ठेवत गेलात, तर वर्षाअखेर तेथे सुमारे 23,319 रुपये जमतील, म्हणजे बुलेटचे व्याज भागून 175 रुपये उरतील. बचत खात्यावर दीड टक्का मिळाला तरी पारडे बुलेटकडे झुकते.

प्रक्रिया शुल्क आणि मूल्यांकन शुल्क या हिशेबात धरलेले नाही. दोन्हीकडचे की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी व खर्चाचे पत्रक, मागून घ्या आणि त्यात संपूर्ण मुदतीचे एकूण व्याज व ऋणकोने फेडायची एकूण रक्कम या ओळी शेजारी ठेवून वाचा. शाखेत तोंडी सांगितलेल्या दरापेक्षा या दोन ओळी अधिक उपयोगी पडतात.

कोकणी_माणूस: मग महिन्याचा हप्ता का घेत नाही? माझ्या भावाने दोन लाखांवर वर्षभरात जेमतेम साडेबारा हजार व्याज भरले आणि दरही जवळपास एवढाच होता.

निवृत्त_शाखाधिकारी: आपल्या बंधूंचे कर्ज समान हप्त्याचे असावे. 11.5 टक्क्यांवर तो हप्ता सुमारे 17,723 रुपये येतो, दर महिन्याला मुद्दल घटते आणि म्हणूनच व्याज जवळपास निम्मे होते. येथे प्रश्नकर्त्याला वर्षभर पूर्ण दोन लाख वापरायचे आहेत, तेव्हा ती तुलना लागू होत नाही.

किराणा_मिरज: मी दरमहा व्याजाचे कर्ज घेतले होते, म्हणून कागदावरील एका ओळीकडे आपले लक्ष वेधतो. माझ्या कागदावर “दरमहा” असे कोठेही नव्हते, “30 दिवसांच्या आत” असे होते. मी प्रत्येक महिन्याच्या 5 तारखेला प्रामाणिकपणे व्याज भरत होतो. महिना 31 दिवसांचा असला की माझा भरणा एकतिसाव्या दिवशी पडत असे, रिबेट कमी होत असे आणि त्या संपूर्ण कालावधीला वरचा दर लागत असे, केवळ उशीर झालेल्या एका दिवसाला नव्हे. शाखेत विचारल्यावर मला माझीच सही असलेला कागद दाखवण्यात आला. रोज गल्ल्यात पैसे येणाऱ्या माझ्यासारख्याला दरमहा भरणे जड नव्हते, तरीही असे घडले, याचे मला आजही वाईट वाटते.

हळदवाला_सांगली: माझ्याही कागदावर तेच आहे. 30 दिवसांत भरल्यास 11.5 टक्के, 31 ते 60 दिवसांत भरल्यास 15 टक्के, 61 ते 90 दिवसांत 18 टक्के आणि त्यापुढे 22 टक्के, आणि प्रत्येक दर मागील भरण्याच्या दिवसापासून लागू आहे.

निवृत्त_शाखाधिकारी: मग हिशेब पूर्णच बदलतो. एकतिसाव्या दिवशी भरल्यास 11.5 टक्क्यांनी 1,953 रुपये व्हायला हवेत, तेथे 15 टक्क्यांनी 2,548 रुपये घेतले जातील. एका दिवसाच्या उशिराची किंमत सुमारे 595 रुपये झाली. एका तारखेपासून पुढच्या महिन्यातील त्याच तारखेपर्यंत 31 दिवस होतील असे वर्षात सात महिने येतात, त्यामुळे 5 तारखेची सवय धरणाऱ्याचे चार हजारांहून अधिक जाऊ शकतात. ज्या 144 रुपयांवर आपण वाद घालत होतो, ते यापुढे काहीच नाहीत. कंपनीकडेच जायचे असेल तर दिनदर्शिकेवर तारखा नव्हे, दिवस मोजून खुणा करा.

अनघा_लेखापाल: ही अट मला माहीत नव्हती आणि ती ऋणकोवर अन्याय करणारी आहे. 1 एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांवर दंडव्याज लावता येत नाही, केवळ दंडात्मक शुल्क आकारता येते. मग रिबेट काढून घेणे हे वेगळ्या नावाचे दंडव्याजच नव्हे काय?

निवृत्त_शाखाधिकारी: कंपनीचे उत्तर असे असते की 22 टक्के हाच करारातील दर आहे आणि रिबेट ही सवलत आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही, परंतु या धाग्यावर त्याचा निकाल लागणार नाही.

अनघा_लेखापाल: तरीही बुलेटला माझा विरोध कायम आहे आणि त्याचे कारण आता निराळे आहे. शेतकऱ्याला वर्षाअखेर 2,23,144 रुपये एकदम उभे करावे लागतात. पूर्वी अनेक जण नवे कर्ज काढून जुने बंद करत आणि व्याज पुढे ढकलत. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या निर्देशांनुसार साचलेले व्याज भरल्याखेरीज बुलेट कर्जाचे नूतनीकरण करता येत नाही. हळदीचा भाव त्या महिन्यात पडलेला असला, तर सोने लिलावाच्या दारात जाते. दरमहा भरणाऱ्याला निदान व्याजाची चिंता उरत नाही. शिवाय त्याच निर्देशांनुसार बुलेटमध्ये सोन्याच्या किमतीशी तुलना मुदतीअखेरच्या एकूण देय रकमेची होते, त्यामुळे तेवढ्याच दागिन्यांवर बुलेटचे कर्ज कमी मिळते. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांची मर्यादा आहे. 2,00,000 रुपये किमतीच्या सोन्यावर दरमहा व्याजाने 1,70,000 रुपये मिळू शकतील, तर 11 टक्क्यांच्या बुलेटने सुमारे 1,52,400.

निवृत्त_शाखाधिकारी: हे सर्व मान्य. ज्याचे पैसे पिकाबरोबर एकदाच येतात, त्याने मात्र दरमहाचे वचन देऊ नये, असे मी म्हणेन. मधला मार्गही असू शकतो. बँक बुलेट खात्यात अधूनमधून भरणा स्वीकारून त्याच दिवशी व्याजातून वजा करत असेल, तर दरमहा 1,833 रुपये भरल्यावर वर्षाचे व्याज 22,000 रुपयेच होईल आणि एखादा महिना चुकला तरी दर चढणार नाही.

हळदवाला_सांगली: शाखेत विचारून आलो. “भरता येईल” असे तोंडी सांगितले, परंतु मंजुरीपत्रात त्याचा उल्लेख नाही.

किराणा_मिरज: मग सही करण्यापूर्वी ते लेखी घ्या, आणि पहिल्या भरण्यानंतर खातेउतारा मागून ती रक्कम कोणत्या तारखेला कशात जमा झाली ते पाहा.