मदत हवी आहे: डोंबिवलीत माठातलं पाणी गार का होत नाही?

अनुजा_डों
मार्चमध्ये रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून दहा लिटरचा माठ घेतला. तोटीवाला आहे, बाहेरून वारली चित्रं आहेत, दिसायला छान. स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारच्या कोपऱ्यात ठेवलाय. पाणी स्टीलच्या पिंपातल्यापेक्षा जेमतेम गार लागतं. माझं माहेर अकोल्याचं, तिथल्या माठातलं पाणी मे महिन्यात दातांना लागायचं. माठ चुकीचा निवडला, की इथली हवाच तशी? नवीन घ्यायचा तर काय बघून घेऊ?

मिलिंद के
सोप्पं आहे. माती उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे बाहेरची गरमी आत शिरत नाही. स्टील लगेच तापतं. तुमचा माठ पातळ असणार. जाड बुडाचा घ्या.

भट्टीवाली
मिलिंद, स्टील लवकर तापतं इतपत बरोबर. पण नुसत्या गरमी अडवण्याने पाणी खोलीपेक्षा गार कसं होईल? थर्मासमध्ये कोमट पाणी भरलं तर ते गार होत नाही, कोमटच राहतं. माठात पाणी खोलीपेक्षा खाली जातं, म्हणजे कोणीतरी त्यातली उष्णता बाहेर काढतंय. ते काम घामाचं.

माठाच्या भिंतीला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपून बाहेरच्या अंगावर येतं आणि उडून जातं. उडताना लागणारी उष्णता ते बरीचशी माठाकडून घेतं. हिशेब करून बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 किलोकॅलरी लागतात. दहा लिटरच्या माठावरून अर्धा पेला, म्हणजे 100 मिली, पाणी उडालं तर 58 किलोकॅलरी गेल्या. त्या सगळ्या आतल्या पाण्यातून गेल्या तर ते जवळपास 6 अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात कमी उतरतं, कारण हवा त्याच वेळी माठाला तापवत असते. स्टील आणि प्लास्टिकमधून पाणी बाहेरच येत नाही, तिथे हा व्यवहार सुरूच होत नाही. स्टीलच्या घागरीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवलीत तर तीही गार होते.

म्हणून फार जाड माठ उलट संथ. अनुजाताई, आधी सांगा, तुमच्या माठाला बाहेरून हात लावला तर ओला लागतो का?

अनुजा_डों
नाही. अगदी कोरडा. तळाशी तोटीजवळ तेवढा ओलावा आहे. मला वाटलं, गळत नाही म्हणजे चांगला माठ!

पप्पू अकोलेकर
बाप्पा, घाम न येणारा माठ म्हणजे शोपीस. आमच्याकडं माठाखाली परात ठेवा लागते. पण एक सांगतो, कूलरच्या खोलीत माठ ठेवू नका, हवा ओली होते, माठ काम करत नाही.

भट्टीवाली
पप्पूभाऊ, अर्धं पटतं. कूलरच्या हवेत पाणी हळू उडतं हे खरं, पण तीच हवा गारही झालेली असते, त्यामुळे माठाला तापवणारं कमी होतं. शेवटी माठ जिथवर उतरायचा तिथवर जवळपास तसाच उतरतो.

ती मर्यादा समजली की डोंबिवली आणि अकोल्याचा फरक कळतो. थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळून पंख्याखाली धरा. आकडा उतरत उतरत जिथे थांबेल, त्याच्या खाली कुठलाही माठ जात नाही. (तापाचं थर्मामीटर नको, ते इतकं खालचं दाखवत नाही.) अकोल्याकडे दुपारी 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली तर हा आकडा 23 च्या आसपास येतो. डोंबिवलीत 33 अंश आणि 70 टक्के असेल तर 28. म्हणजे तिकडे वीस अंशांची जागा, इकडे पाच. शिवाय माठ त्या आकड्यापर्यंत क्वचितच पोचतो, अंश-दोन अंश वरच राहतो. माहेरचा माठ इथे आणलात तरी दातांना लागणार नाही.

शमा
माझा प्रश्न थोडा वेगळा. माठात पाणी शुद्ध होतं का? आम्ही फिल्टर काढून टाकायच्या विचारात आहोत.

भट्टीवाली
नको. माठ पाणी गार करतो, त्यातले जंतू मारत नाही. आधी शुद्ध केलेलं पाणीच त्यात भरा, झाकण ठेवा आणि ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका.

अनुजा_डों
म्हणजे माझ्या माठाचा रंगच नडतोय? घासून काढू का?

भट्टीवाली
ओल्या कापडाने घासून बघा. कापड तांबडं झालं तर काव आहे, ती मातीच, बिघडत नाही. कापड कोरं राहिलं आणि माठ चकचकीत दिसत असेल तर ऑइल पेंट किंवा वॉर्निश आहे, आणि ते छिद्रांत मुरलेलं असतं. वरून घासून फारसा फायदा नाही. त्यात धान्य ठेवा. फ्रिजशेजारची जागाही वाईट. फ्रिज मागून-बाजूने गरम हवा सोडतो आणि कोपऱ्यात वारा नसतो.

नवीन घेताना रंग नसलेला, खरखरीत अंगाचा बघा. बोटाच्या पेरांनी वाजवा. टणटण वाजला तर नीट भाजलाय. बद्द आवाज आला तर तडा आहे किंवा कच्चा आहे. मग बाहेरून पाण्याचे दोन थेंब टाका. माठाने ते पटकन पिऊन टाकले पाहिजेत. थेंब मण्यासारखे घरंगळले तर तो घेऊ नका. तोंड एवढं हवं की हात आत जाऊन घासता येईल. तोटी असेल तर ती सिमेंटने बसवलेली जागा तपासा, गळती बहुधा तिथूनच. अंगभर बारीक ओल म्हणजे घाम, एकाच जागी धार किंवा थेंब म्हणजे गळती.

घरी आणल्यावर दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाला. साबण लावायचा नाही, माती तो पिते. तिवईवर, खिडकीच्या वाऱ्यात पण उन्हाबाहेर ठेवा. भरलेला असू दे, रिकामा भाग नीट झिरपत नाही. रात्री भरलात तर सकाळी गार.

पप्पू अकोलेकर
काळा माठ जास्त गार करतो. आमच्या घरी काळाच होता.

भट्टीवाली
काळा रंग भट्टीत धूर कोंडल्याने येतो. नुसत्या रंगाने गारवा वाढण्याचं मला कारण दिसत नाही. माती, वाळूचं प्रमाण आणि भाजणं यावर सगळं आहे. तुमच्या कुंभाराची माती जास्त झिरपणारी असेल.

पप्पू अकोलेकर
तरी आम्ही काळाच घेणार.

मिलिंद के
बरं, मग आमच्या जुन्या माठाचं काय? पहिल्या उन्हाळ्यात छान होता, आता बाहेर पांढरी पुटं आलीत आणि पाणी गार होत नाही. बोअरचं पाणी भरतो.

भट्टीवाली
ते क्षार. पाणी उडून जातं, क्षार छिद्रांत अडकून राहतात. रिकामा करून काथ्याने बाहेरून घासा, लिंबू किंवा व्हिनेगर लावून स्वच्छ धुवा आणि कडक उन्हात वाळवा. थोडा सुधारेल. जड पाणी असेल तर दर उन्हाळ्याला नवा घेणं सोपं पडतं. आरओचं पाणी भरणाऱ्यांचे माठ जास्त टिकतात.

अनुजा_डों
कापड कोरंच निघालं, वॉर्निश आहे. कुंभारवाड्यातून साधा माठ आणला, थेंब लगेच प्याला. खिडकीत ठेवलाय. आज स्वयंपाकघर 33, स्टीलचं पिंप 32, माठ 30. ओल्या कापसाचा आकडा 28.5. खाली परात ठेवावी लागतेय. पावसाळ्यात मात्र हे किती चालेल?

भट्टीवाली
जुलैत जवळजवळ बंदच पडेल. तेव्हा धुऊन, वाळवून ठेवून द्या, नाहीतर बुरशी धरतो.