सायलीचा रेझ्युमे आणि बाराशे रूट कॅनॉल

सायली (ए-३०२): नमस्कार सगळ्यांना. मला एका मल्टिस्पेशालिटी क्लिनिकमध्ये डेंटिस्ट म्हणून अर्ज करायचा आहे. मृणाल काकू, तुम्ही इतकी वर्षं डेंटल विभाग सांभाळलात, म्हणून इथेच विचारते. रेझ्युमेतला मुख्य भाग असा आहे: "३ वर्षांचा अनुभव. दररोज ३० रुग्ण. १२००+ रूट कॅनॉल. एक्स्ट्रॅक्शन, फिलिंग, क्राऊन-ब्रिज, स्केलिंग. एंडोमोटर, अपेक्स लोकेटर, आरव्हीजी, सीबीसीटी हाताळण्याचा अनुभव. डेंटल कौन्सिलकडे नोंदणीकृत." कसा वाटतो?

मृणाल काकू (बी-५०४): सायली, हे वाचून मी तुला मुलाखतीला बोलावीन, पण पहिली पंधरा मिनिटं हे आकडे तपासण्यातच जातील. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. ३० रुग्ण बघितलेस तर एकाला १६ मिनिटं मिळतात. दाढेच्या रूट कॅनॉलच्या एका सिटिंगला पाऊण तास तरी लागतो. मग तो वेळ कुठून आला? हे तीस तुझ्या एकटीच्या खुर्चीवरचे की अख्ख्या क्लिनिकचे?

सायली: क्लिनिकचे, काकू. आम्ही दोघी होतो. त्यात टाके काढायला आलेले, नुसतं दाखवायला आलेले असे सगळेच आले.

मृणाल काकू: मग तुझ्या खुर्चीवरचे किती ते काढ. आणि बाराशे रूट कॅनॉल कशावरून मोजलेस?

सायली: रजिस्टरमधल्या आरसीटीच्या नोंदी मोजल्या. १२१० भरल्या.

मृणाल काकू: तिथेच चूक आहे. रजिस्टरमध्ये प्रत्येक सिटिंगची वेगळी ओळ असते. एकच दाढ आज उघडली, पुढच्या आठवड्यात साफ केली, मग भरली, की तीन ओळी होतात. तू सिटिंग मोजलीस, दात नाहीत. फक्त ऑब्चुरेशनच्या ओळी मोज. जो दात भरून पूर्ण झाला तोच एक रूट कॅनॉल.

सायली: एक तास द्या.

विनायक काका (ए-१०१): मृणालताई, पण पोरीचा आकडा कमी झाला तर तिची संधी जाईल ना? सगळेच थोडं वाढवून लिहितात.

मृणाल काकू: भाऊ, मोठा आकडा बघून मी कधीच कुणाला घेतलं नाही. मला दिवसाचं गणित जुळलेलं हवं असतं. मल्टिस्पेशालिटीत बहुतेक वेळा शेजारीच एंडोडोंटिस्ट, म्हणजे रूट कॅनॉलचा तज्ज्ञ, असतो. तिथे जनरल डेंटिस्टला सोपी कामं नीट करता येतात का आणि अवघड केस वेळेत पुढे पाठवायचं भान आहे का, हे आम्ही बघतो. बाराशे लिहून पहिल्याच प्रश्नाला अडखळली तर पुढच्या खऱ्या ओळींवरही विश्वास बसत नाही.

सायली: झालं मोजून. पूर्ण झालेले दात ४७०. त्यात दाढा २६०, उपदाढा १२०, पुढचे दात ९०. काही रुग्ण पहिल्या सिटिंगनंतर आलेच नाहीत, ते यात धरले नाहीत. माझ्या खुर्चीवर दिवसाला सरासरी १२ रुग्ण.

मृणाल काकू: आता बघ कसं जुळतं. वर्षाला २८८ दिवस धरले तर तीन वर्षांत ८६४ दिवस. १२१० सिटिंग म्हणजे दिवसाला साधारण दीड. म्हणजे रोज तासभर, फार तर सव्वा तास रूट कॅनॉलला, बाकी वेळ इतर कामाला. बारा रुग्णांच्या दिवसात हे सहज बसतं. दाढा, उपदाढा, पुढचे दात ही विभागणी रेझ्युमेत घालच. पुढच्या दातात सहसा एकच कॅनॉल असतो. वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथा निघतो आणि तो शोधताना खरी परीक्षा होते. २६० दाढांवरून माझ्यासारखीला तुझा हात लगेच समजतो.

सायली: कॅनॉल साफ करायची फाइल आत तुटलेल्या केसेस लिहू का? तीन झाल्या होत्या.

मृणाल काकू: रेझ्युमेत नको, पण तिन्ही मनात तयार ठेव, कारण विचारतातच. कुठल्या दाताच्या कुठल्या भागात तुटली, रुग्णाला त्याच वेळी सांगितलंस का, पुढे काय केलंस. "एकही तुटली नाही" असं सांगणाऱ्याकडे मी जरा जास्त वेळ बघते.

सायली: एकीचा तुकडा काढता आला. एकीत त्याच्या बाजूने वाट मिळाली. तिसरी एंडोडोंटिस्टकडे पाठवली. तिघांनाही त्याच दिवशी एक्स-रे दाखवून सांगितलं होतं.

मृणाल काकू: अगदी असंच सांग. आता उपकरणं. सीबीसीटी तू चालवलंस?

सायली: नाही, स्कॅन बाहेरून व्हायचा. मी स्कॅन बघून कॅनॉल शोधायचे.

मृणाल काकू: मग "सीबीसीटी स्कॅन वाचून उपचार ठरवले" असं लिही. "हाताळला" लिहिलंस आणि त्यांच्याकडे मशीन असलं तर पहिल्या दिवशी तुला त्यासमोर उभं करतील. अपेक्स लोकेटर मात्र तू रोज वापरलास. कॅनॉलच्या लांबीचं रीडिंग उड्या मारायला लागलं तर काय करतेस?

सायली: कॅनॉलमध्ये रक्त किंवा जास्त द्रव आहे का, फाइल धातूच्या कॅपला किंवा फिलिंगला टेकतेय का ते बघते. पेपर पॉइंटने कोरडं करून परत घेते. तरी स्थिर झालं नाही तर फाइल आत ठेवून आरव्हीजी काढते.

मृणाल काकू: हे उत्तर आलं की रोजचा हात आहे हे कळतं. दाताभोवती लावायचा रबर डॅम तू लिहिलाच नाहीस. वापरत होतीस ना?

सायली: प्रत्येक रूट कॅनॉलला.

मृणाल काकू: मग तो मोटरच्या आधी यायला हवा. मी तरी तेच शोधते.

प्रसाद दादा (सी-२०३): मी एचआरमध्ये आहे म्हणून सांगतो. "नोंदणीकृत" एवढंच लिहिलं तर आम्ही कागद मागत बसतो. कौन्सिलचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कधीपर्यंत वैध, तिन्ही एका ओळीत लिही. आणि सायली, डिग्रीवर लग्नाआधीचं नाव आहे ना तुझं?

सायली: हो दादा, नोंदणीवर नवीन आहे.

प्रसाद दादा: मग दोन्ही नावं लिही आणि नावबदलाचा दाखला जोड. नाहीतर पडताळणीत फाइल तिथेच अडकते, उमेदवाराला वाटतं निवड झाली नाही.

मृणाल काकू: एक राहिलंच. मल्टिस्पेशालिटीत फिजिशियनकडून रुग्ण येतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांचे दात काढलेत का?

सायली: हो, साधारण ४०. फिजिशियनशी बोलून, वॉरफरिन असेल तर रक्त गोठण्याचा ताजा आयएनआर रिपोर्ट बघून. गोळी स्वतःहून कधी बंद केली नाही. टाके घालून, रक्त थांबल्याची खात्री करूनच घरी सोडायचे.

मृणाल काकू: आणि हे तू रेझ्युमेत कुठेच लिहिलं नाहीस! अगं, त्या क्लिनिकला याचीच जास्त गरज असेल. हे वर घे.

सायली: आता असं केलंय: "३ वर्षं, स्वतःच्या खुर्चीवर दिवसाला सरासरी १२ रुग्ण. पूर्ण केलेले रूट कॅनॉल ४७० (दाढा २६०, उपदाढा १२०, पुढचे दात ९०), सर्व रबर डॅमखाली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरील सुमारे ४० रुग्णांचे एक्स्ट्रॅक्शन, फिजिशियनच्या सल्ल्याने. रोजच्या वापरात: एंडोमोटर, अपेक्स लोकेटर, आरव्हीजी. सीबीसीटी स्कॅन वाचून उपचार ठरवण्याचा अनुभव. वाकड्या किंवा बुजलेल्या कॅनॉलच्या केसेस एंडोडोंटिस्टकडे पाठवल्या." खाली नोंदणीची ओळ. सोबत दोन केसेसचे आधीचे-नंतरचे आरव्हीजी जोडतेय, इथे टाकते.

मृणाल काकू: मजकूर छान झालाय. पण दुसऱ्या आरव्हीजीच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव दिसतंय. आधी इथून तो फोटो सगळ्यांसाठी डिलीट कर, मग कापून जोड.

सायली: डिलीट केला काकू. नाव कापूनच पाठवते.