अनुभव धागा: विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्पाचे मोघम शीर्षक तुम्ही नेमके कसे केले?

धागाकर्ती: दहावीच्या मुलांचे प्रकल्प ‘जलशुद्धीकरण : काळाची गरज’ अशा शीर्षकांनी सुरू होतात आणि परीक्षकांनी ‘नेमके काय मोजले?’ असे विचारले की मुले गप्प होतात. असे एखादे शीर्षक आपण बदलले असेल, तर ते कोणत्या टप्प्यांनी बदलले, हे कृपया सविस्तर लिहावे.

माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षिका: आमच्या मुलांचे मूळ शीर्षक ‘शेवग्याच्या बियांद्वारे पर्यावरणपूरक जलशुद्धीकरण’ असे होते. निष्कर्षाच्या तक्त्यात काय लिहिणार, असे मी विचारले, तेव्हा ‘पाणी शुद्ध झाले’ असे उत्तर आले. परंतु पाणी नितळ दिसले म्हणून त्यातील जंतू गेले असे होत नाही, आणि जंतू तपासण्याची सोय शाळेत नव्हती. त्यामुळे ‘शुद्धीकरण’ हा शब्द प्रथम गेला, आणि ‘पर्यावरणपूरक’ हाही मोजता येत नसल्याने त्याच्या पाठोपाठ गेला.

मग मोजता येण्याजोगे काय, याचा शोध सुरू झाला. उंच पारदर्शक नळीच्या तळाशी काळी-पांढरी चकती बसवली, आणि वरून पाहताना ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतून त्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेतली. शाळेच्या तराजूवर 50 मिलिग्रॅम भुकटी तोलता येत नाही, म्हणून 1 ग्रॅम भुकटी 100 मिलिलिटर पाण्यात कालवली. त्यातले 5 मिलिलिटर म्हणजे 50 मिलिग्रॅम. ओढ्याचे पाणी रोज वेगळे असते, म्हणून एकाच बादलीत काळी माती कालवून तेच पाणी सगळ्या बरण्यांत घेतले. एका बरणीत भुकटी टाकलीच नाही, कारण माती आपणहूनही काही प्रमाणात खाली बसते.

एवढे ठरल्यावर शीर्षक असे झाले: ‘शेवग्याच्या बियांच्या भुकटीच्या मात्रेचा मातीमिश्रित पाण्याच्या दोन तासांनंतरच्या पारदर्शकतेवर होणारा परिणाम’. यातील ‘मात्रेचा परिणाम’ हे शब्द पुढे फार उपयोगी पडले. लिटरला 50, 100, 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी अधिकाधिक नितळ होत गेले, मात्र 400 ला ते पुन्हा गढूळ राहिले. बियांतील धनभारित प्रथिने मातीच्या ऋणभारित कणांना एकत्र आणतात, पण ती जास्त झाली की कणांवरच धनभार चढतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. शीर्षकात ‘पाणी स्वच्छ होते’ असे असते, तर ही बरणी मुलांनी बहुधा टेबलाखाली लपवली असती.

एक पालक: एवढे लांबण लावण्यापेक्षा शीर्षकात सरळ आकडा द्यावा, असे माझे मत आहे. ‘शेवग्याने पाण्याचा गढूळपणा 90 टक्के कमी करणे’ हे मोजता येण्याजोगेच आहे ना?

शिक्षिका: आकडा असावा हे मान्य, पण तो परिस्थितीचा असावा; ‘दोन तासांनंतर’ हा तसा आकडा आहे. 90 टक्के हे उत्तर झाले, आणि ते प्रयोगाआधी लिहिले की मुले तिथपर्यंत पोहोचण्यासाठी वाचने वाकवतात. शिवाय नळीतील उंची 10 वरून 40 सेंटिमीटर झाली, म्हणजे गढूळपणा नेमका किती टक्के घटला, हे त्या आकड्यांवरून थेट काढता येत नाही.

दुसऱ्या एक पालक: माझ्या मुलाने सिरिंजवर चालणारी हायड्रॉलिक क्रेन केली आहे. तिला उठावदार नाव सुचवावे, ‘शक्तिमान’ आधीच कुणीतरी घेतले आहे.

धागाकर्ती: ताई, धागा उठावदार नावांचा नाही, तरी आपल्या प्रकल्पालाही हे लागू पडते. ढकलण्याची सिरिंज तीच ठेवून उचलणारी 5, 10 आणि 20 मिलिलिटरची वापरल्यास किती वजन उचलले जाते, हे मोजता येईल, आणि ‘उचलणाऱ्या सिरिंजच्या व्यासाचा उचललेल्या वजनावर होणारा परिणाम’ असे शीर्षक होईल.

निवृत्त मुख्याध्यापक, काही वर्षे परीक्षक: शिक्षिकेचे शीर्षक शास्त्रशुद्ध आहे, परंतु फलकापुढून जाणारा माणूस ते पूर्ण वाचत नाही. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘शेवगा आणि गढूळ पाणी’ आणि त्याखाली पूर्ण शीर्षक द्यावे, असे मी सुचवीत असे.

शिक्षिका: सर, अर्जावर एकच रकाना असतो आणि तिथे मुले छोटे नाव लिहून मोकळी होतात. मला दोन नावे पटत नाहीत.

सध्या अभियांत्रिकीला असलेला विद्यार्थी: आम्हीही हीच नळी वापरली होती. परीक्षकांनी विचारले, ‘चकती कुणाच्या डोळ्यांना दिसेनाशी झाली?’ माझे आणि मैत्रिणीचे वाचन खरोखरच जुळत नव्हते आणि उन्हात ते आणखी बदलत असे. पुढे सगळी वाचने तिनेच, सावलीत उभे राहून घेतली. शीर्षकात ‘पारदर्शकता’ऐवजी ‘चकती दिसेनाशी होण्याची उंची’ असेच लिहावे, असे तिचे म्हणणे होते. मला ते फार अवघडलेले वाटले. इथल्या शिक्षकांना काय वाटते?